तारीख ठरते त्याच दिवशी सीबीसी

पिशवीच्या ऑपरेशनसाठी तपासणीला येणाऱ्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन आठच्या आसपास असणं इतकं नेहमीचं आहे, की त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. भूल देणारे म्हणून आम्ही रुग्ण पाहतो तो बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी. कागदावर ७.८ दिसतं आणि नवरा किंवा दीर लगेच म्हणतो, "मॅडम, दोन बाटल्या चढवून घ्या ना, माणसं आणलीत रक्त द्यायला." त्यांचं काही चुकत नाही. आजवर असंच होत आलंय. पण त्या संध्याकाळी हातात दुसरा पर्यायच उरलेला नसतो. तो असतो चार-पाच आठवडे आधी, सर्जन ऑपरेशन ठरवतो त्या दिवशी. म्हणून आमच्याकडे आता पद्धत अशी आहे, की ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायची. हिमोग्लोबिन कमी असेल, तर तारीख देण्याआधी रुग्णाला आमच्याकडे पाठवायचं.

पुढचे टप्पे कळावेत म्हणून नेहमी दिसतं तसं एक उदाहरण घेते. वय ४४, वजन ५२ किलो, गर्भाशयात गाठी, पाळी आठ-आठ दिवस चालते, गुठळ्या पडतात. हिमोग्लोबिन ७.८. जिना चढताना धाप लागते, पण "कामाने होतं" म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालेलं. कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते का, हे विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. विचारलं की बाई लाजून हसते आणि सोबतची जाऊ म्हणते, "तांदूळ निवडताना मूठभर तोंडातच जातात हिच्या." लोह कमी असल्याची ही जुनी आणि बरीच भरवशाची खूण आहे.

पण खुणेवर थांबून चालत नाही, सीबीसीचा कागद नीट वाचावा लागतो. बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि तिथेच थांबते, खालच्या ओळी कुणी पाहत नाही. या बाईची एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ६४ आहे. साधारण ८० ते १०० हवा. लाल पेशींची संख्या ३.९, म्हणजे तीही कमी. आरडीडब्ल्यू १९, म्हणजे पेशी लहानमोठ्या, एकसारख्या नाहीत. प्लेटलेट ४.८ लाख, लोह कमी असताना त्या बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागलं की सोळाच्या वर उत्तर येतं. हे १३ च्या खाली आलं असतं, तर थॅलेसेमिया मायनरची शंका घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी, करायला पाठवलं असतं. त्यात पेशी लहान असतात, पण संख्येने भरपूर असतात. लोह कमी नसलेल्या थॅलेसेमिया मायनरच्या माणसाला लोह देत राहिलं तर हिमोग्लोबिन हलत नाही, नुसता साठा वाढत जातो. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली इकडचा रुग्ण असेल, तर सिकलसेलची तपासणीही याच वेळी उरकून घ्यावी. ते नंतर ऑपरेशन टेबलावर कळणं वाईट.

भागाकारातून फक्त दिशा कळते. पक्कं होतं ते फेरिटिनने. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात किती लोह शिल्लक आहे त्याचा अंदाज. ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे, यात वाद उरत नाही. या बाईचं आलं ६, म्हणजे कोठार रिकामंच. उलट बाजूची फसगत मात्र लक्षात ठेवावी लागते. संधिवात, जुना जंतुसंसर्ग, किडनीचा आजार, कॅन्सर यांत सूज असल्यामुळे फेरिटिन वाढतं. अशा रुग्णात ते ८० आलं म्हणून लोह ठीक आहे असं म्हणता येत नाही. तिथे १०० पर्यंतचा आकडा संशयानेच पाहायचा आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करायचं, म्हणजे रक्तातून लोह वाहणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते पाहायचं. ते २० टक्क्यांच्या खाली असलं तर लोह अपुरं पडतंय. ही तपासणी सकाळी, लोहाची गोळी न घेता करायची. गोळी खाऊन आलेल्या माणसाचं सीरम आयर्न तेवढ्यापुरतं छान दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे वारंवार निसटते, ती म्हणजे बी-१२. शाकाहारी घर असेल किंवा डायबेटिसची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू असेल, तर लोह आणि बी-१२ या दोन्हींची कमतरता एकत्र असू शकते. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकत्र आल्या की सरासरी नॉर्मल येते आणि कागद निर्दोष दिसतो. तेव्हा आरडीडब्ल्यू वाढलेली असते, तिच्याकडे पाहायचं. लोह दिलं आणि बी-१२ तसंच राहिलं, तर हिमोग्लोबिन थोडं चढून अडकतं.

आता हे सगळं कशासाठी, तर त्याचं उत्तर एका साध्या हिशोबात आहे. बायकांमध्ये दर किलोला साधारण ६५ मिली रक्त धरतात. ५२ किलोला झालं ३,३८० मिली. तब्येत स्थिर असेल आणि हृदयविकार नसेल, तर रक्त चढवण्याचा विचार साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर करायचा असतो. मग किती रक्त गेलेलं चालेल? सुरुवातीचं हिमोग्लोबिन वजा सात, भागिले सुरुवातीचं हिमोग्लोबिन, गुणिले एकूण रक्त. ७.८ वर उत्तर येतं जवळपास ३५० मिली. गाठींमुळे मोठ्या झालेल्या गर्भाशयाचं पोट उघडून ऑपरेशन करताना एवढं रक्त सहज जातं, सर्जनचा हात कितीही चांगला असला तरी. हेच हिमोग्लोबिन ११.६ असेल तर उत्तर १,३४० मिली. बाई तीच, सर्जन तोच, आणि रक्तस्रावही तेवढाच. फरक एवढाच, की एका बाजूला रक्त चढवणं जवळपास ठरलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला ते घडायला काहीतरी बिनसावं लागेल.

दुसरा मुद्दा ऑक्सिजनचा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. आठ असेल तर १०० मिली रक्तात पावणेअकरा मिली, बारा असेल तर सोळा मिली. एरवी चालता-फिरता ही तूट हृदय भरून काढतं, ठोके वाढवून आणि जास्त रक्त ढकलून. भूल दिल्यावर ही सोय बऱ्याच अंशी आमच्या औषधांनी दबते. शिवाय ऑपरेशननंतर थंडी वाजून अंग कुडकुडलं किंवा वेदना झाल्या, की ऑक्सिजनची मागणी वाढते. म्हणून आधीपासून हृदय किंवा किडनी दुबळी असलेला माणूस याच काळात घसरतो. हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशनं झालेल्या सव्वादोन लाखांहून जास्त रुग्णांची माहिती २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यात सौम्य ॲनिमियाही ३० दिवसांतल्या मृत्यू आणि गुंतागुंतीशी जोडलेला दिसला. त्यातल्या काही भागाला मुळातला आजार कारणीभूत असणार हे खरं, पण सगळा भाग त्याच्या माथी मारता येत नाही.

तिसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. लाल पेशी भरपूर असल्या की त्या वाहताना शिरेच्या मधोमध राहतात आणि प्लेटलेटना कडेला, भिंतीजवळ ढकलतात. जखम झाली की प्लेटलेट तिथेच हव्या असतात. लाल पेशी फार कमी झाल्या की हे ढकलणं कमी होतं आणि रक्त थांबायला उशीर लागतो. म्हणजे ज्याच्याकडे रक्त कमी, त्याचंच जास्त जातं.

मग दोन बाटल्या आधी चढवल्या तर काय बिघडलं? एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं, दोनने ९.८ होईल, ऑपरेशन निभावेल. पण तिच्या शरीरात दोन परक्या माणसांच्या पेशी गेल्या. ताप, ॲलर्जी, फुप्फुसात पाणी भरणं, पुढे कधी रक्त लागलं तर जुळायला अवघड जाणं, जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढणं, यांतलं प्रत्येक क्वचित घडतं. पण टाळता येण्याजोगं असेल तर ते विकत का घ्यायचं? शिवाय साठवलेल्या पेशी चढवल्यावर ऑक्सिजन पेशींपर्यंत सोडण्याची त्यांची क्षमता पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. आदल्या रात्री चढवलेल्या बाटलीने कागदावरचा आकडा सुधारतो, शरीराला तेवढा लाभ लगेच होत नाही.

तर या बाईला लोह द्यायचं. प्रश्न फक्त तोंडाने की शिरेतून. हाताशी दोन-तीन महिने असतील, हिमोग्लोबिन दहाच्या वर असेल आणि पोट साथ देत असेल, तर गोळी उत्तम. गोळी रोज तीन वेळा देण्याची जुनी सवय मात्र सोडावी. एक डोस घेतल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते दिवसभर आतड्यातलं लोह शोषण आवळून धरतं, म्हणून त्यानंतरच्या डोसमधलं लोह फारसं शोषलं जात नाही आणि पोटात नुसती जळजळ, बद्धकोष्ठ होतं. ६० ते १०० मिलिग्रॅम मूळ लोहाची एक गोळी, एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, हे बऱ्याच जणींना जमतं आणि लागूही पडतं. चहा गोळीच्या आसपास नको. इथेच खरी अडचण येते, कारण सकाळचा पहिला चहा सोडायला कुणी तयार नसतं. मग गोळी दुपारी जेवणाच्या दोन तास आधी हलवतो. कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल, तर तेही शोषण कमी करतात. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी किती जण सहज खातात, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या बाईकडे मात्र महिना-सव्वा महिनाच आहे, हिमोग्लोबिन ७.८ आहे आणि दर पाळीत लोह वाहून जातंय. इथे शिरेतूनच. किती लागेल याचं सूत्र सोपं आहे:

(वजन × हवी असलेली वाढ × २.४) + ५००

१३ पर्यंत न्यायचं ठरवलं तर ५२ × ५.२ × २.४, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम, आणि वर ५०० कोठार भरायला. एकूण साडेअकराशेच्या आसपास. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर पहिल्या वेळी १,००० आणि उरलेलं आठवड्याने, कारण एका आठवड्यात हजाराच्या वर देत नाहीत. हजार मिलिग्रॅम जास्तीत जास्त २५० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, किमान १५ मिनिटांत. जास्त पातळ केलं की जास्त सुरक्षित, असा समज नर्सिंग स्टाफमध्ये अनेकदा आढळतो. तसं नाही, फार पातळ झालं तर औषध स्थिर राहत नाही. हे महाग पडत असेल तर आयर्न सुक्रोज आहे. ते २०० मिलिग्रॅम १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, दिवसाआड, म्हणजे सहा फेऱ्या. गावाहून येणाऱ्या बाईच्या सहा दिवसांच्या मजुरीचा आणि एसटीच्या तिकिटांचा खर्च धरला, तर महाग कोणतं, हे प्रत्येक वेळी नव्याने मोजावं लागतं. दोन्ही डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायची नाहीत.

सुई शिरेत नीट आहे की नाही हे आधी साधं सलाईन सोडून पाहायचं. लोह शिरेबाहेर त्वचेखाली सांडलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. मनगटाच्या आणि कोपराच्या सांध्यावरची शीर टाळायची. दुखतंय किंवा फुगतंय असं म्हटलं की लगेच थांबवायचं.

सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत कधी कधी रुग्ण म्हणतो की छातीत दडपल्यासारखं झालंय, तोंड गरम झालंय, कंबर धरलीय. बीपी ठीक आहे, घरघर नाही, अंगावर गांधी नाही, ओठ सुजलेले नाहीत, एवढं पाहिलं की ही ॲलर्जी नाही. सलाईन बंद करून शेजारी उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप ओसरतं आणि मग हळू वेगाने पुन्हा सुरू करता येतं. इथे सवयीने एव्हिल, म्हणजे ॲलर्जीचं इंजेक्शन, मारलं जातं आणि घोळ तिथेच होतो. एव्हिलने रुग्ण गुंगतो, बीपी उतरू शकतं, नाडी वाढते. मग ही मोठी रिॲक्शनच होती असं सगळ्यांना वाटतं आणि केसपेपरवर "आयर्न ॲलर्जी" असा कायमचा शिक्का बसतो. खरी तीव्र ॲलर्जी, म्हणजे बीपी पडणं आणि श्वास कोंडणं, फार क्वचित होते. तिचं औषध ॲड्रेनालिन, ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. ते भरून देण्याच्या तयारीत नसेल, तर लोहाचं सलाईन लावूच नये. संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. अंगात ताप किंवा मोठा जंतुसंसर्ग असेल तर त्या दिवशी लोह द्यायचं नाही.

हे चालू असताना पाळीचं काय? आठच्या आसपास हिमोग्लोबिन असताना २०० मिली रक्त गेलं, तर त्याबरोबर ५० मिलिग्रॅमहून जास्त लोह जातं. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून त्या महिन्याची पाळी औषधांनी लांबवायची, किंवा येऊ द्यायची असेल तर ट्रॅनेक्झामिक ॲसिडने आवरायची. रक्ताच्या गाठी होण्याचा पूर्वेतिहास विचारूनच. हा टप्पा सुटला की लोह देऊनही हिमोग्लोबिन जागेवर राहतं आणि दोष लोहाला दिला जातो.

लोह दिल्यावर आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या लाल पेशी, वाढायला हव्यात. हिमोग्लोबिन त्यानंतर हलतं. आपल्या उदाहरणात दोन आठवड्यांनी ९.४, चौथ्या आठवड्यात ११ च्या पुढे, ऑपरेशनच्या दिवशी ११.६. दोन आठवड्यांत एक ग्रॅमही वाढलं नाही, तर निदान पुन्हा तपासायचं. बी-१२ राहिलं का, रक्तस्राव चालू आहे का, थायरॉइड, किडनी, थॅलेसेमिया. फेरिटिन मात्र लगेच करू नये. शिरेतून लोह दिल्यावर चार आठवडे तरी ते फुगलेलं दिसतं.

वेळेचा मुद्दा इतका का ताणते, ते ब्रिटनमधल्या 'प्रिव्हेंट' या चाचणीतून दिसतं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४८७ रुग्णांना १० ते ४२ दिवस आधी हजार मिलिग्रॅम लोह किंवा नुसतं सलाईन दिलं. निष्कर्ष २०२० साली आले आणि लोहाने ना रक्त चढवणं कमी झालं ना मृत्यू. लोहाच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा लोकांना तो चांगलाच धक्का होता. पण ऑपरेशनच्या दिवशी लोह दिलेल्यांचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जेमतेम अर्धा ग्रॅम जास्त होतं. शिवाय त्यातल्या सगळ्यांना लोहाची कमतरता होती असंही नव्हतं, ॲनिमिया आहे एवढ्यावर निवड झाली होती. माझं मत असं, की कमतरता सिद्ध करून, तीन-चार आठवडे हातात ठेवून दिलेलं लोह आणि सरसकट, घाईत दिलेलं लोह यांची गल्लत करू नये. सरसकट द्यायचं समर्थन त्या चाचणीनंतर करता येत नाही, हेही तितकंच खरं.

थांबणं सगळीकडे चालत नाही. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन हिमोग्लोबिनसाठी महिनाभर पुढे ढकलायचं नसतं. तिथे निदानाच्या दिवशीच शिरेतून लोह द्यायचं आणि मिळतील तेवढे दिवस पदरात पाडायचे. छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागतेय, हिमोग्लोबिन पाच आहे, अशा वेळी रक्तच द्यायचं, पण एकेक बाटली, प्रत्येकीनंतर पुन्हा पाहून. आणि गुडघा बदलायला आलेल्या साठीच्या पुरुषात लोहाची कमतरता निघाली, तर लोह देऊन मोकळं व्हायचं नाही. पुरुषाला पाळी नसते, रक्त कुठून तरी जातंय. दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं पाहायचं, गुडघा मग.

ऑपरेशनच्या दिवशी बाईला छेद देण्याआधी एक ग्रॅम ट्रॅनेक्झामिक ॲसिड, अंग गरम ठेवणं आणि नेमक्या तपासण्यांपुरतंच रक्त काढणं, एवढं पुरतं. समजा ४५० मिली रक्त गेलं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन दहाच्या थोडं खाली, ९.९ येतं, बाई उठून बसते, रक्तपेढीत राखून ठेवलेली बाटली परत जाते. हाच रक्तस्राव ७.८ वर झाला असता तर आकडा सातच्या खाली गेला असता.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर सर्रास लोहाच्या गोळ्या तीन महिने लिहिल्या जातात. ऑपरेशननंतर सुजेमुळे हेप्सिडिन काही आठवडे चढलेलं असतं, तेव्हा गोळी नीट शोषली जात नाही. हिचं कोठार आधीच भरलेलं असल्याने त्या गोळ्यांची गरजही नाही. सहा आठवड्यांनी सीबीसी आणि फेरिटिन, आणि कमी आलं तरच गोळी, दिवसाआड.